डेस्कटॉप-डॉक्युमेंटच्या फाइली गायब, वनड्राइव्हचं बॅकअप बंद केल्यापासून. कुठे शोधू?

मधुरा_चोपडा

नमस्कार मंडळी. खूप काळजीत आहे म्हणून नवीन धागा काढतेय, आधी असा काही धागा असेल तर लिंक द्या.

आमचं केळीचं काम आहे. कुणाच्या बागेतून किती क्विंटल माल भरला, गाडी कुठे गेली, शेतकऱ्याला उचल किती दिली, बाकी किती, हे सगळं मी एक्सेलमध्ये ठेवते. काही फाइली डेस्कटॉपवर, काही डॉक्युमेंट्समध्ये. लॅपटॉपवर बरेच दिवस वनड्राइव्ह भरलं, जागा नाही, विकत घ्या असा मेसेज येत होता. परवा भाचा आला होता, तो म्हणाला मामी हे बंद करून टाकू, कटकट जाईल. त्याने सेटिंगमध्ये जाऊन बॅकअप बंद केलं, आणि त्यानंतर अकाउंटपण काढून टाकलं असं म्हणतोय. आता डेस्कटॉपवर फक्त क्रोम, टॅली, प्रिंटरचं असे आयकॉन आहेत, माझी एकही फाइल नाही. डॉक्युमेंट्स उघडलं तर तेही रिकामं. रिसायकल बिन बघितलं, त्यात काही नाही.

पुढच्या आठवड्यात हिशोब करायला लोक येणार आहेत. फाइली डिलीट झाल्या का? भाच्याला काही बोलले नाही, तो बिचारा आधीच घाबरलाय.

भरीतप्रेमी

मधुराताई, आधी डेस्कटॉपवर राइट क्लिक, View, आणि तिथे Show desktop icons ला टिक आहे का बघा. आमच्या ऑफिसात एकाने ते काढून टाकलं होतं आणि अख्खं ऑफिस दुपारपर्यंत व्हायरस शोधत बसलं.

मधुरा_चोपडा

टिक आहे भाऊ. आयकॉन दिसतात ना, क्रोमचा वगैरे. माझ्या फाइलीच नाहीत.

कपाशी_भाऊ

मन्हा बी असंच व्हयनं व्हतं. हा व्हायरस शे, फाइली हिडन करून टाकतो. सीएमडी उघडा आणि हे मारा, सगळं परत येईल, गॅरंटी:

```
attrib -h -s /s /d *.*
```

गिरणाकाठ

कपाशी भाऊ थांबा, आणि ताई तुम्ही ही कमांड मारू नका. ती पेनड्राइव्हवरच्या शॉर्टकट व्हायरससाठी आहे, तिथे ती बरोबर चालते. पण इथे युजर फोल्डरमध्ये मारली तर सिस्टीमच्या ज्या फाइली मुद्दाम लपवलेल्या असतात त्या सगळ्या उघड्या होतील आणि तुमचा एक्सेलचा हिशोब काही येणार नाही, कारण तो लपलेलाच नाही.

ताई, जवळजवळ खात्रीने सांगतो, बहुतेक फाइली आहेत. फक्त डेस्कटॉप म्हणजे कुठलं फोल्डर, हे विंडोजच्या दृष्टीने बदललंय. वनड्राइव्हचं बॅकअप चालू केलं की ते तुमच्या फाइलींची दुसरी प्रत काढत नाही, तर फाइली चक्क उचलून नेतं. आधी डेस्कटॉप असतो C:\Users\तुमचं नाव\Desktop इथे. बॅकअप चालू झालं की तो होतो C:\Users\तुमचं नाव\OneDrive\Desktop. तुम्हाला स्क्रीनवर काहीच फरक दिसत नाही म्हणून कळत नाही. आता भाच्याने बॅकअप बंद केलं तेव्हा विंडोजने पुन्हा जुन्या जागेकडे बोट दाखवलं, आणि फाइली राहिल्या वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच. जुनी जागा तर कधीचीच रिकामी, तेच तुम्हाला दिसतंय. क्रोम, टॅलीचे आयकॉन राहिले कारण ते सगळ्या युजरसाठी असलेल्या C:\Users\Public\Desktop मधून येतात, त्याला वनड्राइव्ह हात लावत नाही. म्हणजे प्रोग्रॅमचे आयकॉन शाबूत आणि स्वतःच्या फाइली गायब असं दिसलं की मी पहिलं हेच बघतो.

आत्ता तीन गोष्टी करू नका. कुठलंही फोल्डर डिलीट करू नका, वनड्राइव्हला परत साइन इन करू नका, आणि कुणी रिकव्हरी सॉफ्टवेअर टाक म्हणालं तर टाकू नका. फक्त धिस पीसी उघडा, C, मग Users, मग तुमचं नाव, आणि तिथे OneDrive नावाचं फोल्डर आहे का एवढं सांगा.

सातपुडा_नाना

मला थोडं वेगळं वाटतंय. विंडोज अपडेट आलं की कधी कधी टेम्पररी प्रोफाइल बनतं, C:\Users मध्ये TEMP असं फोल्डर येतं, आणि सगळं कोरं दिसतं. आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरवर हे झालं होतं, रीस्टार्ट केल्यावर आपोआप परत आलं. मधुराताई, दोनदा रीस्टार्ट करून बघा.

गिरणाकाठ

नाना, ते होतं, खरं आहे. पण त्यात वॉलपेपर जातो, क्रोममधले पासवर्ड, बुकमार्क सगळं जातं, म्हणजे लॅपटॉप नवा घेतल्यासारखा दिसतो. ताई, वॉलपेपर तोच आहे ना?

मधुरा_चोपडा

हो वॉलपेपर तोच आहे, मनुदेवीचा फोटो. क्रोममध्येही सगळं आहे. आणि हो! OneDrive फोल्डर आहे. त्यात Desktop आणि Documents दोन्ही आहेत. उघडून बघते.

सुरेखा_धुळे

माझ्या मोबाईलमधले पण सगळे फोटो असेच गेले गेल्या वर्षी, लग्नाचे होते. गूगल फोटोत जाऊन बघा, तिथे ट्रॅशमध्ये असतात. मला तिथेच मिळाले.

भरीतप्रेमी

सुरेखाताई, इकडे एक्सेल हरवलंय, लग्न नाही. पण ट्रॅश बघायचा सल्ला खोटा नाही, इथेही तो लागेल कदाचित.

मधुरा_चोपडा

गिरणाकाठ दादा, मिळाल्या!! पण सगळ्या नाहीत. या दोन-तीन महिन्यांतल्या सगळ्या आहेत, आत्ताच्या तोडीच्या गाड्या, उचल वगैरे. पण मागच्या वर्षीचं काहीच नाही, त्याच्या आधीचंही नाही. जुनी बाकी पुढे ओढायची तर मला मागची वर्षं लागतात. हे असं अर्धं कसं झालं?

गिरणाकाठ

छान, म्हणजे अर्ध्याहून जास्त काम झालं. आधी हे करा: ते अख्खं OneDrive फोल्डर जसंच्या तसं पेनड्राइव्हवर कॉपी करा. कट नाही, कॉपी. हे झाल्याशिवाय पुढचं काहीच नको, आणि का ते सांगतो.

तुमचं वनड्राइव्ह भरलं होतं. फुकटच्या अकाउंटला 5 जीबी मिळतात, आणि 2023 पासून आउटलुकच्या मेलमधल्या अटॅचमेंटपण मायक्रोसॉफ्टच्या त्याच जागेत मोजतात, म्हणून लोकांचं अचानक भरलं. भरल्यावर काय होतं, आधी वर गेलेल्या फाइली वर राहतात, पण नवीन काही वर जात नाही. तुम्ही फाइल बनवता, ती लॅपटॉपवर OneDrive फोल्डरमध्ये सेव्ह होते, आणि वर जायच्या रांगेत बसून राहते. म्हणजे या काही महिन्यांच्या तुमच्या फाइली जगात फक्त त्या एका फोल्डरमध्ये आहेत. इंटरनेटवर नाहीत.

आणि जुन्यांचं उलटं झालं असणार. माझा अंदाज, कुणीतरी केव्हातरी C ड्राइव्ह भरला म्हणून Free up space दाबलं असेल, किंवा विंडोजच्या स्टोरेज सेन्सने बरेच दिवस न उघडलेल्या फाइली फक्त ऑनलाइन ठेवल्या असतील. मग लॅपटॉपवर फाइलीचं नुसतं नाव राहतं, शेजारी निळ्या ढगाचं चित्र असतं, आणि आतला मजकूर इंटरनेटवर. उघडलं की उतरून येते, त्यामुळे आपल्याला फरक कळत नाही. आता भाच्याने Unlink this PC केलं तेव्हा ही नुसती नावं होती ती निघून गेली. त्या वेळी स्क्रीनवर एक सूचना येते की लॅपटॉपवर असलेल्या फाइली राहतील, फक्त ऑनलाइन असलेल्या निघतील, पण ती वाचून ओके दाबणारा माणूस मी अजून बघितला नाही.

तर तुमच्या नव्या फाइली फक्त लॅपटॉपवर आणि जुन्या फक्त इंटरनेटवर आहेत. दोन्हीकडे मिळून पूर्ण, एकीकडेच बघितलं तर अर्धं. यात सगळ्यात धोक्याचं म्हणजे कुणी येऊन म्हणेल की वनड्राइव्ह बंद केलंय तर ते फोल्डर कशाला, उडवा. ते उडवलं असतं तर या हंगामाचा हिशोब गेला असता.

अमळनेरकर

गिरणाकाठ, तुम्ही जे शेवटी लिहिलं ना, नेमकं तेच आमच्याकडे झालं. माझ्या मेव्हण्याचं. जागा पाहिजे म्हणून वेबसाइटवर जाऊन डॉक्युमेंट्सचं फोल्डर डिलीट केलं, त्याला वाटलं ती इंटरनेटवरची प्रत आहे, लॅपटॉपवरची वेगळी असेल. लॅपटॉपवरूनपण गेली. आम्हाला कळलं दोन महिन्यांनी. तोपर्यंत ऑनलाइन रिसायकल बिनमधूनपण गेली होती, तिथे 30 दिवसच ठेवतात. मग जळगावला एका रिकव्हरीवाल्याकडे गेलो, त्याने आधी पैसे घेतले आणि चार दिवसांनी म्हणाला एसएसडी आहे, काही निघत नाही.

गिरणाकाठ

वाईट वाटलं वाचून. एसएसडीचं तो खरं बोलला, पण पैसे घेण्याआधी बोलायला हवं होतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर डिलीट केलेलं बऱ्याचदा निघतं कारण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते तिथेच असतं. एसएसडीला विंडोज स्वतःच सांगतं की ही जागा मोकळी झाली, आणि ती आतून पुसली जाते. म्हणून ज्याच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे त्याने रिकव्हरी सॉफ्टवेअरवर वेळ घालवण्याआधी वेबसाइटचं रिसायकल बिन बघावं, तिथे मिळायची शक्यता कितीतरी जास्त.

आणि हो, लॅपटॉपवरचं रिसायकल बिन आणि वेबसाइटवरचं ही दोन वेगळी आहेत. मधुराताईंनी बघितलं ते लॅपटॉपवरचं.

नंदुरबार_मास्तर

30 दिवस पर्सनल अकाउंटला. शाळा-ऑफिसच्या अकाउंटला 93 दिवस असतात, ॲडमिनने काही बदललं नसेल तर. आमच्याकडे निकालपत्रकं अशीच परत मिळाली होती, तारीख उलटायला थोडेच दिवस राहिले होते. ज्यांच्या लॅपटॉपवर दोन्ही अकाउंट असतात त्यांनी अजून एक बघा, C:\Users\नाव मध्ये दोन फोल्डर असतात, एकाचं नाव OneDrive आणि दुसऱ्याच्या नावात संस्थेचं नाव जोडलेलं. आमचे एक सर आठवडाभर चुकीच्या फोल्डरमध्ये शोधत होते.

मधुरा_चोपडा

पेनड्राइव्हवर कॉपी केलं. आता वेबसाइटवर जायचं तर अकाउंट कोणतं हेच माहीत नाही. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने सगळं सेट करून दिलं होतं. भाच्याने काढलं तेव्हा त्यानेही नाव बघितलं नाही. माझा जीमेल टाकून बघितला, तो म्हणतो असं अकाउंटच नाही.

गिरणाकाठ

एक्सेल उघडा, File, Open, Recent. तिथे तुमच्या जुन्या फाइलींची नावं अजून दिसतील. फाइल उघडणार नाही पण नावाच्या खाली बारीक अक्षरात पत्ता असतो, तो वाचा. C:\ ने सुरू होत असेल तर ती लॅपटॉपवर होती. OneDrive असं लिहून पुढे फोल्डरचं नाव असेल तर ती वर आहे. आणि विंडोजच्या Settings मध्ये Accounts, तिथे Email & accounts, त्यात मायक्रोसॉफ्टचं अकाउंट बहुतेक अजून लिहिलेलं असेल. वनड्राइव्ह अनलिंक केलं म्हणून ते तिथून जात नाही.

कपाशी_भाऊ

हे एक्सेलचं माहीत नव्हतं. चांगलं शे.

बरं मी आत्ताच मन्हा लॅपटॉप बघितला, मन्हा डेस्कटॉप पण OneDrive च्या आत शे! मी कधी चालूच केलं नाही. हे आपोआप होतं का?

गिरणाकाठ

नवीन लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना इंटरनेट जोडून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की बऱ्याचदा ते तिथेच चालू होतं. कधी स्क्रीनवर विचारतं, पण पुढे-पुढे दाबताना कोण बघतो. नक्की काय चालू आहे हे बघायला पॉवरशेल उघडून हे टाका, यात काही बदलत नाही, फक्त पत्ता दाखवतं:

```
[Environment]::GetFolderPath('Desktop')
[Environment]::GetFolderPath('MyDocuments')
```

उत्तरात OneDrive आलं तर फाइली तिथे राहतात. नाही आलं तर जुन्या जागी.

मधुरा_चोपडा

सापडलं अकाउंट! Settings मध्ये होतं. outlook.com चा एक पत्ता, माझ्या नावापुढे आकडे लावलेले, मी कधी वापरलाच नाही. पासवर्ड माहीत नव्हता, विसरलो वर दाबलं तर ओटीपी ज्या नंबरवर जातो त्याचे शेवटचे दोन आकडे आमच्या घरातल्या कुणाचेच नाहीत. मग यांच्या लक्षात आलं, त्या दुकानातल्या मुलाचा नंबर. त्याला फोन केला, तो आता दुसरीकडे कामाला आहे पण नंबर तोच होता, त्याने ओटीपी सांगितला. नंबर बदलला असता तर काय केलं असतं?

वेबसाइटवर सगळं आहे!!! मागची सगळी वर्षं. आनंदाने रडायचीच बाकी होते.

भरीतप्रेमी

ताई आता भरीत-पुरी पाहिजे. चोपड्याला येतो आम्ही.

सातपुडा_नाना

उत्तम झालं. माझा अंदाज चुकला पण माहिती मिळाली. मधुराताई, तो नंबर आजच बदलून टाका. तुमच्या सगळ्या शेतकऱ्यांचा हिशोब ज्या अकाउंटमध्ये, त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात नको.

गिरणाकाठ

नाना बरोबर बोलले, पण एक सावधगिरी. account.microsoft.com वर Security मध्ये आधी स्वतःचा नंबर जोडा, तो पक्का झाला की मग त्याचा काढा. जुना आधी काढून टाकला आणि नवा अजून जोडलेला नसेल तर सगळी माहिती बदलली असं समजून तिथे 30 दिवस थांबायला लावतात.

आता फाइली उतरवा. वेबसाइटवर Desktop फोल्डरवर टिक करून वर Download दाबा, झिप येईल. Documents चंही तसंच. झिप उघडून वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, उदाहरणार्थ D ड्राइव्हवर ‘वरून आलेलं’. पेनड्राइव्हवरच्यात मिसळू नका, आधी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघा. काही फाइली दोन्हीकडे असतील आणि त्यांची तारीख वेगळी असेल. जागा भरल्यानंतर तुम्ही एखादी जुनी फाइल उघडून त्यात लिहिलं असेल तर लॅपटॉपवरची ताजी, वरची शिळी. झिपमधून काढल्यावर तारखा गोंधळ करू शकतात, म्हणून वेबसाइटवर Modified चा जो रकाना आहे तो बघून घ्या, किंवा सरळ फाइल उघडून शेवटची नोंद कोणत्या गाडीची आहे ते बघा. तुमच्या कामात तेच सगळ्यात खात्रीचं.

पुण्यातला_खान्देशी

म्हणूनच मी म्हणतो मॅक घ्या, असली भानगड नाही.

नंदुरबार_मास्तर

भाऊ, मॅकवरही आहे. आयक्लाउडमध्ये Desktop & Documents Folders चालू असेल आणि ते बंद केलं की डेस्कटॉप रिकामा होतो, फाइली आयक्लाउड ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये राहतात. माझ्या मुलीचं झालं होतं परीक्षेच्या आधी.

पुण्यातला_खान्देशी

अरे हो का. बघतो. मी कधी बंद केलं नाही म्हणून कळलं नसेल.

अमळनेरकर

गूगल ड्राइव्हचं तसं नाही ना? मी मेव्हण्याला तेच टाकून दिलंय.

गिरणाकाठ

कॉम्प्युटरवरचं गूगल ड्राइव्ह फोल्डर जागेवरून हलवत नाही, जिथे आहे तिथूनच वर चढवतं, वेबसाइटवर Computers मध्ये दिसतं. त्यामुळे बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा होण्याचा प्रकार होत नाही. पण ड्राइव्हशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये लॅपटॉपवर डिलीट केलं की वरही डिलीट होतं, त्यामुळे मेव्हण्यांचं जे झालं ते तिथेही होऊ शकतं. तिथल्याही ट्रॅशला 30 दिवस.

कपाशी_भाऊ

मंग मी सांगतो सरळ उपाय, वनड्राइव्ह अनइन्स्टॉल करून टाकायचं. फाइली D ड्राइव्हला. कुणाचा बाप काही करू शकत नाही.

अमळनेरकर

आणि लॅपटॉपच गेला तर? D ड्राइव्ह त्याच डिस्कवर असतो भाऊ. डिस्क गेली की C आणि D सोबत जातात.

कपाशी_भाऊ

हार्ड डिस्क ठेवतो ना मी बाहेरची, महिन्याला कॉपी करतो.

सातपुडा_नाना

महिन्याला म्हणजे एखाद्या वेळी महिन्याभराची नोंद गेली. शेतीच्या हंगामात महिना म्हणजे सगळंच.

कपाशी_भाऊ

नाना तुमचं बरोबर पण इंटरनेटवर मन्हा हिशोब मला ठेवायचाच नाही. प्रत्येकाचं आपलं.

मधुरा_चोपडा

मंडळी, सगळं उतरवलं आणि शेजारी-शेजारी लावलं. एक अडकलंय. उचलीची एक फाइल आहे, तिच्या दोन फाइली दिसतात, एक ‘उचल.xlsx’ आणि दुसरी ‘उचल-LAPTOP’ आणि पुढे काहीतरी अक्षरं-आकडे. दोन्हीत थोडं थोडं वेगळं आहे. एका फाइलीत सावद्याच्या एका शेतकऱ्याला दिलेली उचल आहे, दुसरीत ती नाही, पण दुसरीत निंभोऱ्याची एक नोंद आहे जी पहिलीत नाही. खरी कोणती?

गिरणाकाठ

दोन्ही खऱ्या. तुम्ही कधी मोबाईलवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर ही फाइल उघडून लिहिलं होतं का? एकाच वेळी दोन ठिकाणी बदल झाले आणि वनड्राइव्हला ते जुळवता आले नाहीत की ते एक प्रत बाजूला ठेवतं आणि नावापुढे त्या कॉम्प्युटरचं नाव जोडतं. म्हणून कुठलीही एक टाकून देऊ नका. दोन्ही उघडा, तारखेप्रमाणे ओळी लावा, आणि एकीत नसलेल्या नोंदी दुसरीत भरा. ज्या नोंदीबद्दल शंका असेल ती उचलीच्या वहीशी किंवा बँकेच्या पासबुकाशी ताडून बघा. हे कुठलंही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी खात्रीने करून देणार नाही.

मधुरा_चोपडा

हो, हे मोबाईलवरून लिहितात कधी कधी, बागेत असतील तेव्हा. आता कळलं. वही आहे माझ्याकडे, बसते आज रात्री. निंभोऱ्याची ती नोंद मात्र वहीतही नाही, पासबुकातही नाही, रोख दिली असणार. त्यांनाच विचारावं लागेल.

सुरेखा_धुळे

ताई तुमचं वाचून मीपण बघितलं, माझ्या लॅपटॉपवर पण हे चालू आहे. मला बंद करायचंय कारण सारखं जागा नाही म्हणतं. पण आता भीती वाटते. आधी काय करू मग काय करू ते सांगा ना कुणी नीट.

गिरणाकाठ

सुरेखाताई, आधी वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये Desktop आणि Documents वर राइट क्लिक करून Always keep on this device करा. मग ज्या फाइलींना निळा ढग होता त्या सगळ्यांच्या शेजारी भरीव हिरवा गोल आणि आत पांढरी टिक येईपर्यंत थांबा. नेट हळू असेल तर रात्रभर चालू ठेवा, चार्जर लावून. एकालाही निळा ढग राहता कामा नये. C ड्राइव्हवर तेवढी जागा आहे ना हे आधी बघा, नसेल तर अर्ध्यात अडकतं.

मग ते सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. त्यानंतर घड्याळाशेजारच्या ढगाच्या आयकॉनवरून Settings मध्ये Manage backup, आणि तिथे एकेक फोल्डर बंद करा. नव्या व्हर्जनमध्ये फाइली कुठे ठेवायच्या हे विचारतं, जुन्यात विचारत नाही, सरळ वनड्राइव्हमध्ये ठेवून देतं आणि रिकाम्या डेस्कटॉपवर Where are my files असा एक शॉर्टकट ठेवतं. तो दिसला की घाबरू नका, तो क्लिक केला की फाइली आहेत तिथेच नेतो. मधुराताईंच्या डेस्कटॉपवरही बहुतेक तो असेल, आयकॉनांच्या गर्दीत दिसला नसेल.

मग OneDrive\Desktop मधलं निवडून नव्या डेस्कटॉपवर कॉपी-पेस्ट. कट करू नका, कारण वनड्राइव्हमधून बाहेर कट केलं की त्याच्या दृष्टीने ती फाइल डिलीट झाली, आणि तुमच्या मोबाईलवरून, दुसऱ्या लॅपटॉपवरूनही जाते. आठ-पंधरा दिवस सगळं नीट उघडतंय बघा, मग वरचं काढा. Unlink अगदी शेवटी, आणि करायचंच असेल तर.

सुरेखा_धुळे

दादा Manage backup मध्ये Pictures पण चालू आहे. त्यात लग्नाचे फोटो आहेत. त्यालाही Always keep करायचं ना?

गिरणाकाठ

हो, त्यालाही. फोटोंना जागा जास्त लागते, म्हणून C ड्राइव्ह बघून मगच. कमी पडली तर फोटो सगळ्यात आधी वेबसाइटवरून थेट बाहेरच्या डिस्कवर उतरवा.